चौथ्या दिवशी खडे, त्याआधी नुसतं बसून कुंथणं. पाणी तर भरपूर पितोय!

हिंजवडीचा बसप्रवासी
विषय जरा ओशाळवाणा आहे, म्हणून घरी बोलत नाही, इथे लिहितो. वय ३४, काम संगणकासमोर, दिवसाला नऊ तास खुर्ची. गेलं वर्षभर तीन-चार दिवसांतून एकदा पोट साफ होतं, आणि साफ म्हणणंही खोटंच. शेळीच्या लेंड्यांसारखे कडक खडे, त्यासाठी वीस मिनिटं कुंथणं, डोळ्यांपुढे तारे. बाकी तब्येत ठीक. वजन उतरलेलं नाही, रक्त कधी दिसलं नाही. टीमलीडच्या सांगण्यावरून चार लिटरची बाटली टेबलावर ठेवलीय, ती रोज संपवतो. सकाळी ओट्स खाल्ले, दुपारी काकडी-टोमॅटो सॅलड. दोन महिने झाले, फरक शून्य. दिवसभर लघवीला मात्र धावतो. काय चुकतंय?

सिंहगडचा दूत
अरे मित्रा, तुझं दुःख मला कळतं. मला पण २०२२ मध्ये ६ मिमीचा खडा होता, डाव्या बाजूला. पाणी अजून वाढव, रोज लिंबू घे, कुळथाचं कढण पी. पाठीतून जांघेकडे कळ गेली की डॉक्टर गाठ.

हिंजवडीचा बसप्रवासी
दूत, खडा मूत्रपिंडातला नाही हो. दुसऱ्या दाराचा आहे.

सिंहगडचा दूत
अरेच्चा! मग तुझा तू बघ. पण कुळीथ चांगलाच असतो, ते मागे घेणार नाही.

चतु:शृंगीची मावशी
अहो, आमच्या घरी दर रविवारी एरंडेलाचा नियम होता. गरम दुधात दोन चमचे, नाक दाबून. दुपारपर्यंत कोठा मोकळा, संध्याकाळी मऊ भात. कोणाला कसला त्रास म्हणून नव्हता. आताच्या मुलांना सगळं गोळ्यांत हवं.

कोथरूडचा काढेवाला
(नाव मजेचं आहे, काढे देत नाही. जनरल प्रॅक्टिस, पंचवीस वर्षं.)

बसप्रवासी, तुमचं वर्णन चांगलं आहे, पण सल्ल्याच्या आधी तीन प्रश्न. एक, दिवसभरात नेमकं काय खाता ते प्रामाणिकपणे लिहा, "ओट्स खाल्ले" मध्ये तीस ग्रॅम की शंभर? दोन, कुठली औषधं चालू आहेत? लोह, कॅल्शियम, अ‍ॅसिडिटीची औषधं, रक्तदाबाच्या काही गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, सर्दीच्या गोळ्या, हे सगळे मळ कडक करू शकतात. तीन, आणि हाच खरा प्रश्न: शौचाला जावंसं वाटणं दिवसात कधी होतं, आणि त्या वेळी तुम्ही कुठे असता?

मावशी, एरंडेलाबद्दल एवढंच. त्याने आतडं एकदम रिकामं होतं. मग परत भरायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढे दिवस काही येत नाही, माणूस घाबरतो आणि परत चमचा काढतो. रविवारचा नियम असाच टिकतो.

चतु:शृंगीची मावशी
म्हणजे आमचे वडील ऐंशी वर्षं घाबरूनच जगले म्हणा!

हिंजवडीचा बसप्रवासी
डॉक्टर, औषध कुठलंच नाही. आहार असा: सकाळी घरी काही खात नाही, फक्त चहा. ओट्स ऑफिसमध्ये नऊला, तीन मोठे चमचे दुधात. दुपारी कॅन्टीन, दोन नान किंवा रोटी, पनीर, थोडा भात, सॅलड. चारला चहा-बिस्किटं. रात्री घरी दोन पोळ्या आणि बटाट्याची किंवा फ्लॉवरची भाजी, नाहीतर मागवलेलं काहीतरी.

तिसरा प्रश्न वाचून थोडा गप्प झालो. भावना येते. सकाळी ७:१५ ची कंपनीची बस आहे, वाकडच्या पुलाखाली अडकलेलो असतो तेव्हा, साधारण आठ-सव्वाआठ. तेव्हा करणार काय? दाबून धरतो. ऑफिसला पोचेपर्यंत ती निघून गेलेली असते. आणि खरं सांगायचं तर ऑफिसच्या संडासात मला जमतही नाही, शेजारी कोणी असलं की आवळतंच. तिथला जेट स्प्रे तर सहा महिने बंद आहे.

आयटीतली ताई
+१. आमच्याकडे बायकांच्या बाजूला रांग असते, जाऊन बसावं तर बाहेर कोणीतरी फोनवर मीटिंग करत उभी. मी आठवड्याला दोनदा जाते, घरीच, तेही शनिवार-रविवार. लग्नानंतरच सुरू झालं हे. कॉलेजात कधी विचारही केला नव्हता.

कोथरूडचा काढेवाला
बसप्रवासी, तुमच्या आजाराचं नाव "वाकडचा पूल" आहे.

झोपेतून उठल्यावर मोठं आतडं जागं होतं आणि पोटात काही गेलं की ते आणखी जोरात हलतं. दिवसातल्या मोठ्या लाटांपैकी एक त्या वेळी येते आणि मळ गुदाशयात ढकलते. तेव्हाच "लागली" असं वाटतं. चहाचा कप आणि बसचे धक्के, यावर तुमची लाट बरोबर आठला येते. तुम्ही ती परतवता. गुदाशय मग ढिलं पडून जागा करून देतं आणि भावना विझते. मळ तिथेच पडून राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी जे हातात येतं ते तुम्ही लेंड्या म्हणून लिहिलंय. ब्रिस्टल तक्त्यात ते पहिल्या-दुसऱ्या प्रकारात बसतं. तिथे सात प्रकारांची चित्रं असतात, आपल्याला हवा तिसरा-चौथा, म्हणजे भेगा असलेला किंवा गुळगुळीत सॉसेजसारखा.

आता पाण्याचं. पिणं आणि आतड्यात पाझरणारे रस मिळून रोज आठ-नऊ लिटर पाणी पचनमार्गात येतं. त्यातलं बहुतेक सगळं लहान आतडं पिऊन टाकतं, दीड लिटरच्या आसपास मोठ्या आतड्यापर्यंत जातं, आणि मळातून बाहेर पडतं ते शे-दीडशे मिली. तुम्ही दोनाचे चार लिटर केलेत तर वरचे दोन लिटर लघवीतून गेले. मळापर्यंत पोचलेच नाहीत. लघवीचा रंग फिकट असेल तर पाण्याची कमी नाही, झालं.

पाणीपंथी
डॉक्टर, इथे मी असहमत. दोन वर्षांपूर्वी मी दिवसाला दोन ग्लास पाणी प्यायचो, एसीत बसून तहानच लागत नव्हती, लघवी गडद पिवळी. तेव्हा असाच त्रास होता. पाणी वाढवलं, एका महिन्यात सुटला. पाणी बिनकामाचं कसं म्हणता?

कोथरूडचा काढेवाला
तुम्हाला पाणी कमीच पडत होतं, म्हणून भरल्यावर गुण आला. बसप्रवाशांची टाकी आधीच भरलेली आहे, त्यात आणखी ओतून काय होणार? दोघांचं म्हणणं आपापल्या ठिकाणी बरोबर आहे. पाणी फायबरबरोबर असलं की त्याचं काम वेगळं, कारण इसबगोलासारखा भुसा ते पाणी धरून ठेवतो आणि मोठ्या आतड्यापर्यंत घेऊन जातो. नुसत्या पाण्याला तो वाहक नसतो.

हिंजवडीचा बसप्रवासी
मग फायबर? ओट्स आणि सॅलड तर खातोय ना.

कोथरूडचा काढेवाला
तुमच्या ताटाची बेरीज करू. मोजपट्टी अंदाजाची आहे, पण पुरे. तीन चमचे ओट्स म्हणजे तीस ग्रॅम, त्यात ३ ग्रॅम फायबर. काकडी म्हणजे पाणीच, वाटीभर सॅलडमध्ये एक-दोन ग्रॅम. नान मैद्याचा, धरूच नका, दोन्हींत मिळून दोन-तीन. पनीर शून्य. भात एक. रात्रीच्या पोळ्या गव्हाच्या असतील तर दोन्हींत ५, भाजीत २ ते ३. एकूण चौदा ते सतरा. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था २००० कॅलरीच्या आहाराला ३० ग्रॅमच्या आसपास धरते. म्हणजे तुम्ही निम्म्यावर आहात.

ती भर घालायला परदेशी बिया नकोत. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी केली की ५ ग्रॅम. मूठभर, तीस ग्रॅम सुकी मटकी किंवा चवळी भिजवून उसळ केली की आणखी ४ ते ५. एक मध्यम पेरू सालीसकट घ्या, तो एकटाच ओट्सवर भारी पडतो. सासवडकडची अंजीरं हंगामात असतील तर दोन. मात्र हे सगळं एकाच आठवड्यात चढवलं तर पोट फुगेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. दर तीन-चार दिवसांनी एक बदल.

आयटीतली ताई
इसबगोल किती घ्यायचा? माझ्या सासूबाई रात्री अर्ध्या कप गरम दुधात दोन चमचे घेतात आणि म्हणतात गुण नाही.

कोथरूडचा काढेवाला
अर्धा कप दूध हीच चूक. भुसा इतका हलका असतो की चमच्याने फसगत होते, स्वयंपाकघरातला छोटा काटा असेल तर ३ ते ४ ग्रॅम मोजून एकदा पाहा, मग तो चमचा लक्षात ठेवा. मोठा ग्लास पाणी, २०० ते २५० मिली, ढवळून लगेच प्यायचा. तसाच ठेवला तर दोन मिनिटांत जेलीचा गोळा. पाणी कमी पडलं तर तो आत कुठेतरी गोळा होऊन बसतो, घशातही अडकू शकतो. म्हणून गिळायला त्रास असलेल्या वयस्कर माणसांना मी देत नाही. एका आठवड्यानंतर मात्रा वाढवायची. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात, एका रात्रीत काही होत नाही, तो जुलाब नाही. आणि थायरॉईड, मधुमेह वगैरेंच्या गोळ्या त्याच्यापासून दोन तास लांब ठेवायच्या.

एक अट आहे. आत आधीच कोरडा गठ्ठा तुंबलेला असेल, पोट जड, मधूनच पातळ पाझर येतोय, तर वरून फायबर टाकणं म्हणजे गटार तुंबलेली असताना आणखी कचरा टाकणं. आधी गठ्ठा काढायचा. त्यासाठी डॉक्टर लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल देतात. नंतर फायबर.

निवृत्त मास्तर, नारायण पेठ
संडासाच्या जागेबद्दल कोणी बोलेल का? आमच्या वाड्यात भारतीय पद्धत होती, उकिडवे बसलो की दोन मिनिटांत काम. मुलाने नव्या फ्लॅटमध्ये कमोड बसवला, त्या दिवसापासून माझं पोट बिघडलं. मुलगा म्हणतो, बाबा, ते डोक्यात आहे.

कोथरूडचा काढेवाला
मास्तर, डोक्यातच नाही. उकिडवं बसलं की गुदाशय आणि गुदद्वार यांच्यातलं वळण सरळ होतं. मध्ये एक स्नायू आहे, तो दोर ओढल्यासारखा वळण घट्ट ठेवतो, बसण्याच्या त्या पद्धतीने तो ढिला पडतो. कमोडवर पाय खाली लोंबले की वळण राहतं. उपाय स्वस्त आहे. आंघोळीचं प्लास्टिकचं बुटकं स्टूल पायाखाली, गुडघे कमरेच्या वर, थोडं पुढे झुकायचं, कोपर मांडीवर. पाट पुरत नाही, फार बुटका असतो. आणि फोन बाहेर. पाच-दहा मिनिटांत नाही झालं तर उठून जा, वीस मिनिटं बसून मूळव्याध पाळू नका.

हिंजवडीचा बसप्रवासी
कधी बसायचं?

कोथरूडचा काढेवाला
सकाळी काहीतरी खरंच खायचं, गरम चहासोबत. भाकरी-भाजी, अंडं-पोळी, उपमा, जे आवडेल ते. खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांच्या आत बसायचं, भावना असो वा नसो. नसली तर जोर लावायचा नाही, नुसतं बसायचं. ७:१५ ची बस असेल तर ६:१५ ला न्याहारी, ६:३५ ला संडास. म्हणजे २५ मिनिटं लवकर उठणं. आणि आठला बसमध्ये भावना आलीच तर उतरून जाता येणार नाही, हे मला कळतं. दिवसा दुसऱ्यांदा आली की मात्र परतवू नका. सहाव्या मजल्यावर कोणी नसलेलं संडास सहसा सापडतं.

तीन-चार आठवडे द्या. तोवर रक्त दिसलं, वजन घटलं, उलटी-फुगी झाली, तर धागा सोडून डॉक्टर. इथे वाचणाऱ्या ज्यांचं वय ४५च्या पुढे आहे आणि ज्यांची सवय अचानक बदललीय, किंवा घरात आतड्याचा कर्करोग झालाय, त्यांनी तर आठवडेही मोजू नयेत. थायरॉईडची एक तपासणी सांगीन, तीही तुमच्या डॉक्टरांना विचारून.

बँकेतली कोथरूडकर
माझं वेगळं आहे म्हणून लिहिते. वय ४१. इसबगोल, भाकरी, पाणी, सगळं चार महिने चोख. मळ आता मऊ आहे, चौथ्या प्रकाराचा. तरी वीस-पंचवीस मिनिटं कुंथावं लागतं, दाराशी येऊन थांबल्यासारखं वाटतं. कधी कधी हाताने दाबून मदत करावी लागते, हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणखी फायबर घेऊ?

कोथरूडचा काढेवाला
नको, आणि हे लिहिलंत ते बरं केलंत. मळ मऊ असूनही दार उघडत नसेल तर प्रश्न मळाचा नाही, दाराचा आहे. काहींच्या बाबतीत जोर लावताना तळाचे स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळतात. फायबर वाढवलं की मळ जास्त होतो, पण बाहेर पडत नाही, उलट फुगी वाढते. पोटविकारतज्ज्ञाकडे जा. गुदद्वाराची बोटाने तपासणी होईल, मग कदाचित आत ठेवलेला छोटा फुगा बाहेर ढकलायची चाचणी आणि दाब मोजणारी चाचणी. तसंच निघालं तर बायोफीडबॅक म्हणून एक प्रशिक्षण असतं, पडद्यावर आपलाच स्नायू पाहत सैल करायला शिकवतात. औषधापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. प्रसूती झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, योनीच्या बाजूला फुगवटा असेल तर वेगळं कारण असू शकतं. माझ्या अंदाजावर जाऊ नका.

बँकेतली कोथरूडकर
दोन मुलं, दोन्ही नॉर्मल. पहिल्या वेळी टाके बरेच होते. जाते.

---

*(अठरा दिवसांनी)*

हिंजवडीचा बसप्रवासी
पहिला आठवडा फसला, तो माझ्याच घाईमुळे. दुसऱ्याच दिवशी इसबगोल तीन चमचे घेतला, त्यावर चवळीची उसळ, राजमा आणि पेरू. रात्री पोट ढोलकीसारखं, बायको दुसऱ्या खोलीत झोपायला गेली. चौथ्या दिवसापासून मोजून ३ ग्रॅम, मोठा ग्लास.

साडेपाचला उठणं जमेना, पावणेसहाला जमलं. सकाळी बायकोने केलेली भाकरी चहात बुडवून, जरा विचित्र पण पोट भरतं. पहिले सहा दिवस स्टुलावर पाय ठेवून नुसता बसलो, काहीच नाही, मुलगी दारावर थापा मारत होती. सातव्या दिवशी भावना आली तीच बसायच्या वेळी. आता आठवड्यातून पाच वेळा होतं, कुंथणं दोन-तीन मिनिटं, प्रकार तिसरा. कधी दुसरा. बसमध्ये आठला भावना आता क्वचितच. पाणी अडीच लिटरवर आणलं, लघवीला धावणं थांबलं. एकदा रविवारी पुरणपोळी आणि सहकाऱ्याच्या लग्नातलं जेवण एकापाठोपाठ झालं आणि तीन दिवस गाडी बंद पडली. चौथ्या दिवशी परत चालू.

पाणीपंथी
बघा, पाणी कमी केलंत तरी चाललं, मला पटलं नाही पण मान्य.

हिंजवडीचा बसप्रवासी
डॉक्टर, पुढच्या महिन्यापासून माझी यूएस शिफ्ट. दुपारी तीन ते रात्री बारा. झोप पहाटे दोन ते सकाळी दहा. आता पुलाचा प्रश्न सुटला पण सकाळच गेली. घड्याळ कुठे धरायचं?

कोथरूडचा काढेवाला
घड्याळ सोडा, उठल्यानंतरचं पहिलं जेवण धरा. दहाला उठलात तर साडेदहाचं खाणं आणि अकराला बसणं. सुट्टीच्या दिवशी शक्यतो तेच. पण खरं सांगू, शिफ्ट बदलणाऱ्यांचं आतडं महिनाभर कुरकुरतंच, त्या वेळी लॅक्टुलोज घेतलेलं चालतं. मात्रा मी धाग्यावर लिहिणार नाही, तुम्हाला तपासणाऱ्याने ठरवावी.

आयटीतली ताई
मी पण यूएस शिफ्टमध्येच आहे. शनिवार-रविवार सोडून अजून काही जमलेलं नाही. स्टूल आणलंय, जेट स्प्रेची तक्रार परत टाकलीय.

बँकेतली कोथरूडकर
तारीख २३ ची मिळाली. फुग्याचं काय निघतं ते सांगते. भीती वाटते, पण त्यांनी ऐकून तोंड वाकडं केलं नाही.

सिंहगडचा दूत
ताई, शुभेच्छा. कुळथाचं कढण मात्र मी अजून कोणाला प्यायला लावू शकलो नाही.